लाल दिव्याचा हिशेब

सईच्या वहीत तीन मोबाइल चार्जरांपुढे वर्षाचा खर्च म्हणून अठरा हजार पाचशे रुपये लिहिलेले होते. अक्षर नेटके होते, तक्त्याच्या रेघा पट्टीने मारलेल्या होत्या आणि समासात बरोबरची लाल खूणही होती. दहावीच्या ऊर्जा प्रकल्पासाठी तिने ‘घरातील उपकरणांचा स्टँडबाय वीजवापर आणि त्याचा खर्च’ हा विषय घेतला होता, म्हणजे वापरात नसतानाही नुसती जोडलेली उपकरणे किती वीज घेतात ते. रविवारी संध्याकाळी परळला ताईकडे गेले असताना तिने ती वही कौतुकाने माझ्या हातात दिली. मी वीजमीटर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मावशीने एकदा नजर टाकावी एवढीच तिची अपेक्षा होती. मी तेव्हा फारसे काही बोलले नाही. परतीच्या लोकलमध्ये मात्र तो आकडा मनातून जाईना. एका शहाण्या, मेहनती मुलीने गुणाकारात कुठेही न चुकता तो काढला होता, आणि तरीही घरात असे काही घडणे शक्यच नव्हते.

तो आकडा आला कसा हे पाहण्यासारखे आहे, कारण असे तक्ते अनेक प्रकल्पांत सापडतात. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ०.३५ अँपिअर’ असे छापलेले असते. सईने २३० ला ०.३५ ने गुणून ८०.५ वॅट काढले. फोन दिवसाला तीन तास चार्ज होतो, म्हणून उरलेले एकवीस तास स्टँडबायचे धरले. तीन चार्जर, एकवीस तास, ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला सुमारे १८५० युनिट आणि दहा रुपये दराने साडेअठरा हजार रुपये. पाठीवरचा ०.३५ अँपिअर हा आकडा मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. व्होल्टेज अगदी कमी असताना आणि चार्जर पूर्ण ताकदीने फोन भरत असताना तो जास्तीत जास्त किती प्रवाह घेईल, एवढेच तो सांगतो. फोन काढून घेतल्यावर भिंतीला नुसता लटकलेला चार्जर किती घेतो, याबद्दल त्या पाठीवर काहीही लिहिलेले नसते. ते मोजावेच लागते.

मला अधिक खटकले ते दुसरेच. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला विजेचे बिल अडकवलेले होते आणि त्यावर महिन्याचा वापर २५० युनिटच्या आसपास होता. वर्षाचे तीन हजार युनिट. त्यांतले साडेअठराशे रिकामे चार्जर खात असतील, तर फ्रिज, पंखे, दिवे, मिक्सर आणि टीव्ही यांनी मिळून उरलेल्या वाट्यात भागवले म्हणायचे. वही आणि बिल एकाच घरात असूनही त्यांची भेट झालेली नव्हती.

पुढच्या सुट्टीला मी प्लगमध्ये खोचायचा छोटा वॅटमीटर घेऊन गेले. सईला दोनच अटी घातल्या: कोणतेही उपकरण उघडायचे नाही आणि भिंतीतल्या विजेच्या तारांना मल्टिमीटर लावायचा नाही. एवढे पाळूनही बरेच काही मोजता येते. वॅटमीटर बाजूला ठेवून आम्ही आधी खाली, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत गेलो.

आमच्या लहानपणी हा मीटर घरातच, दाराच्या वर असे. काचेआड ॲल्युमिनियमची चकती फिरायची आणि तिच्या कडेवरची काळी खूण समोर आली की मी मोठ्याने मोजायचे. मे महिन्यात गावी निघताना बाबा सगळी बटणे बंद करून चपला घालण्याआधी त्या मीटरखाली उभे राहात आणि चकती थांबली आहे याची खात्री झाल्यावरच कुलूप लावत. तेव्हाचा आमचा टीव्हीही खटक्याने बंद होणारा होता. खटका दाबला की वीज तुटलीच. बंद असूनही रिमोटच्या इशाऱ्याची वाट पाहणारी वस्तू तेव्हा घरात नव्हती, म्हणून ती चकती खरोखर थांबे.

आता मीटर तळमजल्यावर एका ओळीत आहेत. वॉचमनकाकांनी खोली उघडून दिली तेव्हा ओलसर भिंतींचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा मिसळलेला वास आला आणि अंधारात कितीतरी लाल ठिपके आपापल्या गतीने लुकलुकताना दिसले. सई दारातच थबकली. चकतीच्या जागी आता हा लाल दिवा आहे. त्यांच्या मीटरवर एका युनिटला ३२०० इम्पल्स असे छापले आहे, म्हणजे एक युनिट वीज गेली की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. यावरून एक सोयीचे सूत्र निघते: ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागले की त्या क्षणाचे वॅट मिळतात. ज्या मीटरवर १६०० छापले असेल तिथे ११२५ ऐवजी २२५० घ्यावे. एका मीटरचा दिवा सेकंदभरही थांबत नव्हता. सईने मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाली, “मावशी, यांचा एसी चालू आहे.” दीड हजार वॅटला पाऊण सेकंद, तिचे बरोबर होते.

वर ताईने ठरल्याप्रमाणे घर रात्री जसे असते तसे करून ठेवले. दिवे आणि पंखे बंद, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद, चार्जर बटण चालू ठेवून रिकामे, वायफायचा राउटर चालू. फ्रिज तेवढा थोड्या वेळापुरता काढून ठेवला, कारण त्याचा काँप्रेसर मधेच सुरू झाला की शंभराहून अधिक वॅटची उडी बसते आणि बारीकसारीक सगळे त्यात बुडून जाते. सईने ग्राहक क्रमांक ताडून मीटर ओळखला आणि फोनच्या स्टॉपवॉचवर दहा लुकलुकींचा वेळ घेतला. एका लुकलुकीला बोट मागेपुढे होते, दहांवर ती चूक विभागली जाते. ५३० सेकंद आले. एका लुकलुकीला ५३ सेकंद, म्हणजे सुमारे एकवीस वॅट.

घरात सगळे बंद असताना एकवीस वॅट. वहीतल्या हिशेबाप्रमाणे नुसते चार्जरच २४१ वॅट घेत असायला हवे होते. सईने स्टॉपवॉचकडे पाहिले, मीटरकडे पाहिले आणि पुन्हा दहा लुकलुकी मोजल्या. उत्तर तेच आले.

मग तिने वर फोन करून ताईला टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सचे भिंतीवरचे बटण बंद करायला सांगितले. लुकलुकीचे अंतर ५३ सेकंदांवरून ११४ सेकंदांवर गेले. जवळजवळ दहा वॅट उरले होते, म्हणजे त्या एका बटणामागे अकरा वॅटहून थोडे अधिक होते. त्यानंतर राउटर बंद करायला सांगितला आणि दिवा लुकलुकायचाच थांबला. आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. डास चावत होते, पंपाची घरघर चालू होती, पण दिवा हलेना. सई म्हणाली, “म्हणजे बाकी सगळं शून्य.”

इथे मला तिला थांबवावे लागले, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. प्रत्येक मीटर एका ठरावीक किमान प्रवाहाच्या वरच मोजायला लागतो. भार काहीच नसताना तो आपोआप पुढे सरकू नये म्हणून ही मर्यादा मुद्दाम ठेवलेली असते आणि तपासणीत आम्ही दोन्ही पाहतो: रिकामा असताना तो सरकत नाही ना, आणि किमान प्रवाहाला सुरू होतो ना. घरगुती मीटरला ही मर्यादा साधारण काही वॅटच्या भाराएवढी येते. तेव्हा दिवा थांबला याचा अर्थ उरलेले त्या मर्यादेखाली गेले एवढाच. ते फुकट मिळते असेही नाही, कारण प्रत्यक्षात फ्रिज किंवा दिवा चालू असतोच आणि त्याच्या प्रवाहात मिसळलेले हे दोनतीन वॅट मीटरमधून मोजलेच जातात. शिवाय इतक्या कमी भाराला मीटरच्या अचूकतेची नेहमीची हमी लागू नसते, म्हणून आमच्या एकवीस वॅटकडेही दशांशापर्यंत विश्वासाने पाहता येणार नव्हते. सईने वहीत ‘शून्य’ लिहिले होते. ते खोडून तिने ‘मीटरला दिसत नाही’ असे लिहिले. तो शब्दप्रयोग मला फार आवडला आणि प्रकल्पात तो तसाच राहू द्यावा असे मी सुचवले.

बारीक भारासाठी वर येऊन वॅटमीटर काढला. पहिला चार्जर लावला तेव्हा पडद्यावर ०.० उमटले. असे स्वस्त मीटर एक वॅटच्या खाली गोंधळतात आणि बरेचसे नुसते शून्य दाखवतात, हे ठाऊक असल्याने मला नवल वाटले नाही. सईला मात्र ते पटेना. एखादा बल्ब सोबत लावून त्याच्या आकड्यात चार्जरने किती भर पडते ते पाहू, असे तिने सुचवले. कल्पना शहाणपणाची आहे, पण चार्जरसारख्या बारीक भाराला ती पुरत नाही. मुंबईतही व्होल्टेज दिवसभर चारपाच व्होल्टने खालीवर होते आणि तेवढ्यानेच चाळीस वॅटचा तारेचा बल्ब एक वॅटहून अधिक हलतो. चार्जरचा दशांश त्या हेलकाव्यात सापडणे अशक्य. म्हणून उलट वाट धरली. एक मोजता येत नसेल, तर पुष्कळ एकत्र मोजावेत.

सई मजल्यावरच्या सगळ्या घरांत जाऊन आली आणि पिशवीभर चार्जर घेऊन आली. स्वतःच्या घरातले तीन आणि शेजाऱ्यांचे नऊ, असे बारा झाले. त्यांत ताईने जुन्या कॉर्डलेस फोनचा वजनदार अडॅप्टरही घातला. तो फोन केव्हाच बंद पडला होता, पण अडॅप्टर आतल्या खोलीच्या बोर्डात आत्तापर्यंत खोचलेलाच होता. दोन एक्स्टेंशन बोर्ड जोडून सगळे एकदम लावले. पडद्यावर २.७ वॅट आले. जुना अडॅप्टर काढला तर ०.९ उरले.

बारा चार्जरांचे मिळून ०.९ वॅट. एकाचे सरासरी ०.०७५. इतक्या खाली या मीटरच्या शेवटच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून सईने ‘प्रत्येकी सुमारे एक दशांश वॅट किंवा त्याहून कमी’ असे लिहिले. मला ते योग्य वाटले. आता खात्री करायला आणखी एक साधन होते आणि ते आपल्या सर्वांजवळ असते. रिकाम्या चार्जरने घेतलेली वीज कुठेच जात नाही, ती सगळी उष्णता होते. तासाभराने तिने एकेका चार्जरला तळहात लावून पाहिला. मोबाइलचे सगळे भिंतीइतकेच थंड होते. जुना अडॅप्टर दुसऱ्या बोर्डावर तेवढाच वेळ लावून ठेवला होता, तो चांगला कोमट लागला. त्याच्या वजनाचे कारणही तेच. त्यात लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर आहे. पलीकडे काही जोडलेले असो वा नसो, तो गाभा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट चुंबकित होत राहतो आणि त्यात वीज जात राहते. नव्या चार्जरांमधल्या स्विचिंग सर्किटला रिकामे असताना जवळजवळ झोपी जाता येते. म्हणून घरात शोधायचे असतील तर आधी जड अडॅप्टर शोधावेत. जुना रेडिओ, दाराची बेल, ट्रिमर अशा वस्तूंसोबत ते अजून टिकून असतात.

टीव्हीपाशी आल्यावर वेगळाच पेच पडला. रिमोटने बंद केल्यावर पहिली काही मिनिटे मीटर बारातेरा वॅट दाखवत राहिला आणि मग एकदम ०.४ वर उतरला. स्मार्ट टीव्ही असे करतात. पडदा काळा झाल्यावरही आतला संगणक आवराआवर करत असतो आणि मगच खोल झोपी जातो. घाईने पहिलाच आकडा लिहिणाऱ्याला टीव्ही तीसपट खादाड वाटेल. त्याच मीटरवर बटण दाबले की प्रवाहही दिसतो. तो ०.०३ अँपिअर होता. सईने सवयीने २३० ने गुणले आणि दचकून म्हणाली, “हे सात वॅट येतंय. मग ०.४ कुठलं?”

पाठ्यपुस्तकातले व्होल्ट गुणिले अँपिअर हे सूत्र बॅटरीला आणि इस्त्रीला चोख लागू पडते. टीव्हीच्या आत मात्र विजेच्या दोन तारांमध्ये एक कपॅसिटर बसवलेला असतो. टीव्हीतला विद्युत गोंगाट घरच्या तारांमध्ये पसरू नये, हे त्याचे काम. टीव्ही झोपलेला असला तरी तो जोडलेलाच राहतो. व्होल्टेजच्या लहरीच्या एका टप्प्यात तो वीज घेतो आणि पुढच्याच टप्प्यात जवळजवळ सगळी परत करतो. तारेतून प्रवाह वाहताना दिसतो, पण खर्च होत नाही. घरगुती बिल प्रत्यक्ष खर्च झालेल्या ऊर्जेचे असते, त्यामुळे या येण्याजाण्याचे पैसे पडत नाहीत. नुसता प्रवाह मोजून केलेल्या प्रकल्पांत टीव्हीचा आणि चार्जरांचा स्टँडबाय दहावीस पट फुगतो तो याच वाटेने. वॅटमीटरवर पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरचा किती भाग खरोखर खर्च होतो तो आकडा, पाहिला तर हे लगेच कळते. इथे तो ०.०५ च्या आसपास होता. इस्त्रीला तो एक असतो.

टीव्हीचा स्टँडबाय इतका कमी असण्यामागे एक इतिहास आहे. अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेतले ॲलन मायर यांनी १९९० च्या दशकात हा गळणारा वापर मोजून दाखवला आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये ‘एक वॅट’ हे उद्दिष्ट पुढे ठेवले. पुढे युरोपात २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट असे बंधन आले. कंपन्या एकच सर्किट जगभर वापरतात, म्हणून परळच्या भिंतीवरच्या टीव्हीलाही त्याचा लाभ मिळतो. त्यामुळे जुन्या पुस्तकांतून उतरवलेले पाचदहा वॅटचे आकडे आज बहुतेक घरांना लागू पडत नाहीत. सईच्या संदर्भांतही ते होते.

तर टीव्ही ०.४ वॅट, आणि त्या बटणामागे मात्र अकरा वॅट. उरला सेट टॉप बॉक्स. तो मीटरवर लावला. कार्यक्रम चालू असताना साडेबारा वॅट. रिमोटने बंद केल्यावर हिरवा दिवा लाल झाला आणि आकडा अकरावर येऊन थांबला. आम्ही चहा घेतला, पुन्हा पाहिले, अकराच. सईने रात्रभर आणि दुसरा दिवसभर तो तसाच मीटरवर ठेवला. चोवीस तासांत ०.२६ युनिट जमले, म्हणजे सरासरी अकरा वॅटच. बॉक्स रिमोटने बंद केला की केवळ चित्र पाठवणे थांबते. आतला प्रोसेसर आणि ट्यूनर जागे राहतात, कार्यक्रमांची यादी उतरत राहते आणि गच्चीवरच्या डिशच्या तोंडाशी असलेल्या भागालाही त्याच केबलमधून वीज जात राहते. बाबा शेजारीच आरामखुर्चीत बसून हे पाहत होते. ते म्हणाले, “अगं, मी रोज झोपताना आठवणीने बंद करतो. दिवासुद्धा लाल होतो.” घराला कुलूप लावण्याआधी चकतीकडे पाहणारा हा माणूस. त्यांचा चेहरा पाहून मला मनापासून वाईट वाटले.

पंखे मोजताना सर्वांत जास्त वेळ गेला. दिवाणखान्यातला जुना पंखा भिंतीवरच्या बटणाने बंद होतो, त्याला स्टँडबाय नाहीच. रेग्युलेटरची जुनी मोठी पेटी पंखा हळू चालताना तापते, पण तो चालतानाचा तोटा, बंद असतानाचा नव्हे. आतल्या खोलीत रिमोटवर चालणारा नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा पंखा आहे. रिमोटने बंद केल्यावर त्याचे सर्किट पुढच्या इशाऱ्यासाठी जागे राहते. तो छताला पक्का जोडलेला, त्याला प्लग नाही. म्हणून पुन्हा खाली मीटरच्या खोलीत जाऊन, बाकीचा एकवीस वॅटचा भार तसाच ठेवून, पंख्याचे भिंतीवरचे बटण आळीपाळीने चालू आणि बंद करून दहा दहा लुकलुकींचे वेळ घेतले. बटण बंद असताना दहा लुकलुकींना वीसएक सेकंद जास्त लागत होते, पण प्रत्येक वेळी सारखे नाही, कारण राउटरचा वापरही थोडा हलत होता. आळीपाळीने घेतल्यामुळेच हा फरक पंख्याचा आहे असे म्हणता आले. हिशेब ०.८ वॅटच्या आसपास आला आणि सईने ‘एक वॅटहून कमी’ एवढेच लिहिले. फक्त पंखा बंद असण्याचे तास धरले तर वर्षाचे चार युनिट. हाच पंखा चालताना तीसएक वॅट घेतो आणि जुना पंचाहत्तर, त्यामुळे या चार युनिटांसाठी रिमोटच्या पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मग खर्च. सईने आधी बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागून दर काढला होता. त्यात दोन गोष्टी मिसळतात. स्थिर आकार थोडीथोडकी युनिटे वाचवल्याने सहसा कमी होत नाही, आणि पहिल्या शंभर युनिटांचा स्वस्त दर वाचणाऱ्या युनिटांना लागू नसतो. वाचतात ती नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातली युनिटे. त्यांच्या घराचा वापर १०१ ते ३०० या टप्प्यात आहे, म्हणून त्या टप्प्याचा दर, वहन आकार आणि त्यावरचे १६ टक्के वीजशुल्क धरायला हवे. तिने २५० युनिटांचे बिल मांडले, मग स्टँडबायची महिन्याची आठ युनिटे कमी करून पुन्हा मांडले आणि वजाबाकी केली. हीच खरी रीत. ज्या घराचा वापर ३०० च्या थोडा वर असेल, तिथे हीच आठ युनिटे आणखी महाग टप्प्यातली असतील. दर बदलत राहतात म्हणून तक्त्यात तिने युनिटला सरसकट दहा रुपये धरले आणि तसे वर स्पष्ट लिहिले.

एक वॅट वर्षभर चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात, हा एक आकडा पाठ असला की बाकीचे तोंडी करता येते. घरातले तीन मोबाइल चार्जर मिळून वर्षाला पावणेदोन युनिट, सतरा रुपये. टीव्हीचा स्टँडबाय अठ्ठावीस रुपये. पंखा सुमारे चाळीस. कुणीही वापरत नसलेला जुना अडॅप्टर एकटाच एकशे अठ्ठावन्न. आणि सेट टॉप बॉक्स, रोज पाच तास पाहिला जातो असे धरून उरलेल्या एकोणीस तासांत, ७६ युनिट, म्हणजे साडेसातशे रुपयांच्या वर. टीव्ही स्वतः पाच तास चालून वर्षाला साधारण एकशे दहा युनिट घेतो. कुणीही काहीही पाहत नसताना बॉक्स त्याच्या दोनतृतीयांशाहून अधिक वीज वापरत होता. राउटर सात वॅटचा, पण तो सतत कामात असतो, म्हणून तो स्टँडबायमध्ये धरायचा नाही असे तिने ठरवले आणि खाली टीप देऊन त्याचे कारणही लिहिले.

ताईचे मत होते की बॉक्स भिंतीवरून बंद करावा आणि विषय संपवावा. पण ते बटण कपाटामागे गुडघ्याच्या उंचीवर आहे आणि बाबांना वाकवत नाही. शिवाय वीज तोडल्यावर बॉक्स पुन्हा सुरू व्हायला दोनतीन मिनिटे घेतो. पहाटे सहाच्या बातम्या ही त्यांच्या दिवसाची सुरुवात आहे, तेवढा वेळ निळ्या पडद्यापुढे बसून राहणे त्यांना नकोसे वाटते. साडेसातशे रुपये आणि म्हाताऱ्या माणसाची सकाळ यांत काय निवडावे, याचे उत्तर वॅटमीटर देत नाही. मला स्वतःला त्यांच्या बाजूने बोलावेसे वाटत होते आणि तरी तो अकरा वॅटचा आकडाही डोळ्यांसमोरून हलत नव्हता. शेवटी सईने खटका असलेला एक एक्स्टेंशन बोर्ड आरामखुर्चीच्या हाताशी बांधून दिला. बाबा रात्री अकराला तो बंद करतात आणि पहाटे उठल्यावर आधी खटका लावून मग चहा ठेवायला जातात. सात तासांचे वर्षाला अठ्ठावीस युनिट वाचतात, दोनशे ऐंशी रुपये. दुपारचा स्टँडबाय तसाच राहिला आहे आणि तक्त्यात तो ‘न वाचणारा’ या वेगळ्या रकान्यात लिहिला आहे.

प्रकल्प त्या रकान्यावर थांबायला हरकत नव्हती, पण शेजारच्या काकांनी आपलाही बॉक्स मोजून मागितला. त्यांच्याकडे वेगळ्या बनावटीचा बॉक्स आहे. तोही रिमोटने बंद केल्यावर नऊ वॅट घेत होता, पण त्याच्या सेटिंगमध्ये वीजबचतीचा एक पर्याय आहे. तो चालू केल्यावर काही वेळाने आकडा दोन वॅटच्या खाली उतरला. सकाळी सुरू व्हायला थोडा उशीर लागतो, एवढीच त्याची किंमत. बाबांच्या बॉक्समध्ये असा पर्याय सापडला नाही. सई आता जिथे जाते तिथे प्रथम बॉक्सचा मेनू उघडून पाहते आणि मजल्यावरच्या घरांची यादी तिने वहीच्या शेवटच्या पानावर आखून ठेवली आहे, बनावट, रिमोटने बंद केल्यावरचे वॅट आणि बचतीचा पर्याय आहे की नाही, अशा तीन रकान्यांची.